रास्त अपेक्षा आणि तीन रकाने : प्रशासकीय कायद्याच्या प्रबंधातला साहित्याचा आढावा

एलएल.एम.च्या प्रबंधातले दुसरे प्रकरण उघडले की बहुतेक वेळा एकच रचना दिसते. वेड काय म्हणतात, मग मॅसी काय म्हणतात, मग एस. पी. साठे आणि जैन व जैन काय म्हणतात. प्रत्येकाला एक परिच्छेद, प्रत्येक परिच्छेदाला दोन तळटिपा. शेवटी 'या विषयावर आणखी संशोधनाची गरज आहे' असे एक वाक्य. याला साहित्याचा आढावा म्हणतात, पण ही फक्त हजेरी आहे. कोणाचे म्हणणे कोणाच्या म्हणण्याला छेद देते आणि तो छेद तपासायचा कसा, याचा त्यात पत्ता नसतो.

प्रशासकीय कायद्यात हा दोष जास्त खटकतो, कारण या कायद्याचा मोठा भाग कुठल्याही एका अधिनियमात लिहिलेला नाही. तो न्यायालयांनी निकालांतून घडवला. त्यामुळे न्यायनिवाडे ही अभ्यासाची वस्तू असते आणि साहित्याचाही भाग असतो. ग्रंथकारांची मते वेगळ्या प्रकरणात आणि निकाल वेगळ्या प्रकरणात टाकले, की दोघांचा एकमेकांशी चाललेला वाद वाचकाला दिसतच नाही. हा वाद कसा पकडायचा आणि त्यासाठी संदर्भांची नोंद कशी ठेवायची, हे मी एकाच तत्त्वाच्या आधाराने सांगतो. ते तत्त्व म्हणजे रास्त अपेक्षा.

सरकारी कार्यालयाने एखादे वचन दिले, धोरण जाहीर केले किंवा वर्षानुवर्षे एक प्रथा पाळली आणि मग अचानक पाठ फिरवली, तर नागरिकाला काही म्हणता येते का, हा या तत्त्वामागचा प्रश्न. इंग्लंडमध्ये लॉर्ड डेनिंग यांनी श्मिट खटल्यात ही संज्ञा वापरली. १९८०च्या दशकात ती तिथे रुजली. आपल्याकडे केरळमधील शाळांच्या परवानगीचा माधवन पिल्लई खटला १९८८चा. त्यानंतर दिल्लीतील गृहनिर्माण संस्थांचा नवज्योती, अन्न महामंडळाच्या निविदेचा कामधेनू आणि रेल्वेच्या बोगींच्या खरेदीचा हिंदुस्थान डेव्हलपमेंट हे तीन निकाल एका वर्षाच्या आत आले. त्यांनी तत्त्व स्वीकारले, पण मर्यादेसह. कामधेनू निकालाप्रमाणे अशी अपेक्षा हा स्वतंत्र हक्क असेलच असे नाही, मात्र तिचा विचारच न करता घेतलेला निर्णय मनमानी ठरू शकतो. म्हणजे तत्त्वाची मुळे संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये रोवली गेली.

इथून साहित्याला दोन वाटा फुटतात. कार्यालयाने निर्णयाआधी नागरिकाचे ऐकून घ्यावे एवढीच अपेक्षा असेल, तर तिला प्रक्रियेपुरती रास्त अपेक्षा म्हणतात आणि तिच्याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो वचनातली गोष्टच मिळावी या अपेक्षेबद्दल. १९९९च्या पंजाब कम्युनिकेशन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही दुसरी अपेक्षाही तत्त्वतः मान्य केली, पण धोरण बदलण्याचा सरकारचा निर्णय वेडन्सबरी कसोटीने, म्हणजे कोणताही सुज्ञ अधिकारी असा निर्णय घेणारच नाही इतका तो अवाजवी आहे का, एवढेच पाहून तपासायचे ठरवले. ही कसोटी सरकारला फार सोपी जाते. चिंतन चंद्रचूड यांनी २०१७ साली ग्रोव्ह्ज आणि वीक्स यांनी संपादित केलेल्या ग्रंथातील आपल्या प्रकरणाच्या शीर्षकातच या भारतीय तत्त्वाला 'काल्पनिक' हे विशेषण लावले. न्यायालये तत्त्व मान्य करतात, पण प्रत्यक्षात त्याने फारसे कोणी जिंकत नाही, असा त्यांच्या मांडणीचा रोख. दुसऱ्या टोकाला फराह अहमद आणि ॲडम पेरी यांचा २०१४चा केंब्रिज लॉ जर्नलमधील लेख आहे. ते निकालांची मोजणी करत नाहीत. कार्यालयाने स्वतःसाठी घालून घेतलेले नियम हे या सगळ्या अपेक्षांचे एकच मूळ आहे, असे सांगून ते तत्त्वाला एकसंधपणा देऊ पाहतात.

हे दोघे एकमेकांचे विरोधक नाहीत. एक विचारतो, तत्त्व काम करते का. दुसरे विचारतात, तत्त्वाला अर्थ आहे का. हा फरक ओळखणे हेच आढाव्याचे पहिले काम. एकाच विषयावरचे लेख म्हणून दोघांना शेजारी बसवले तर खरा प्रश्न हातातून निसटतो. चंद्रचूड यांचा दावा तथ्याचा आहे, म्हणून तो निकाल मोजूनच तपासता येतो. शिवाय तो २०१७चा आहे. त्यानंतर २०२० साली ब्रह्मपुत्र मेटॅलिक्स आणि २०२३ साली शिवनंदन हे दोन महत्त्वाचे निकाल आले. तेव्हा प्रबंधाचा प्रश्न तयारच आहे : 'काल्पनिक' हे विशेषण आजही लागू पडते का?

या प्रश्नाचे उत्तर नोंदवहीतून निघते. नोंदवही चुकीची असेल तर उत्तरही चुकते. म्हणून इथे थोडे थांबतो.

पहिली अडचण एकाच निकालाच्या अनेक पत्त्यांची. जम्मू-काश्मीरमधील भारतीय वनसेवेच्या निवडीचा क्रायपाक खटला एप्रिल १९६९मध्ये निकाली निघाला. सुप्रीम कोर्ट केसेसमध्ये तो (१९६९) २ एससीसी २६२ आहे आणि ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये एआयआर १९७० एससी १५०. एका पुस्तकातून एक पत्ता आणि दुसऱ्यातून दुसरा उतरवला की यादीत दोन क्रायपाक तयार होतात, तेही वेगवेगळ्या वर्षांचे. कामधेनूचा निकाल नोव्हेंबर १९९२चा, पण दोन्ही अहवालमालिकांत तो १९९३चा म्हणून छापला आहे. हिंदुस्थान डेव्हलपमेंट एससीसीत १९९३चा, तर एआयआरमध्ये १९९४चा. म्हणून नोंदीची ओळख अहवालाच्या पत्त्यावर ठेवू नये. निकालाची तारीख आणि पक्षकाराचे ठळक नाव यांवर ती ठेवावी आणि सगळे पत्ते एकाच कार्डावर एकाखाली एक लिहावेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून निकालांना तटस्थ क्रमांक द्यायला सुरुवात केली आहे. तो मिळत असेल तर तोही त्याच कार्डावर. निकालाची प्रत उतरवून घेताना फाइलचे नावही याच क्रमाने दिले, तर फोल्डर आपोआप कालानुक्रमे लागतो :

```
1992-11-03_Kamdhenu_SC.pdf
1999-05-04_PunjabComm_SC.pdf
1999-07-16_Coughlan_EWCA.pdf
```

यातल्या शेवटच्या दोन ओळी मुद्दाम घेतल्या आहेत. कॉफलन हा इंग्लंडमधील अपील न्यायालयाचा निकाल. एका अपंग महिलेला आरोग्य प्राधिकरणाने 'हे घर आयुष्यभर तुमचे' असे वचन दिले आणि नंतर ते घर बंद करायचे ठरवले. वचनातली गोष्टच मिळायला हवी, हे त्या निकालाने ठामपणे सांगितले. कॉफलन आपल्या न्यायालयाने पंजाब कम्युनिकेशन्समध्ये नाकारला, असे विधान प्रबंधात लिहिण्याचा मोह होतो, कारण दोन्ही खटल्यांच्या पत्त्यात १९९९ आहे. प्रत्यक्षात आपला निकाल मे महिन्यातला आणि अपील न्यायालयाचा जुलैतला. जो निकाल अजून लागलेलाच नव्हता तो नाकारणार कसा? उलट क्वीन्स बेंचच्या अहवालातला कॉफलनचा पत्ता २००१चा आहे. त्यावर विसंबून हा निकाल सहस्रक उलटल्यावरचा मानला, तर इंग्लंडमधील वळण दोन वर्षे पुढे ढकलले जाते. दोन्ही चुका तारखेच्या एका रकान्याने टळतात.

दुसरी अडचण शोधाची. निकालांच्या डेटाबेसमध्ये संज्ञा एकवचनी टाकली की अनेकवचनी रूप कधी सापडते, कधी नाही. म्हणून शोधवाक्य जसेच्या तसे नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचे आणि त्याखाली डेटाबेसचे नाव, न्यायालय, कालावधी आणि शोधाची तारीख द्यायची :

```
"legitimate expectation" OR "legitimate expectations"
```

येणारी यादी लांबलचक असते आणि तिच्यातले बरेच निकाल कामाचे नसतात. काहींत वकिलाने हा शब्द युक्तिवादात उच्चारला, पण न्यायालयाने त्याकडे पाहिलेच नाही. काहींत जुन्या निकालाच्या लांब उताऱ्यात तो शब्द आला आहे, एवढेच. काहींत प्रश्न फक्त सुनावणीचा आहे. म्हणून चाळणी दोनदा लावावी. पहिल्या फेरीत फक्त एवढे पाहायचे की रास्त अपेक्षेचा मुद्दा न्यायालयाने स्वतः निकालात काढला आहे का. दुसऱ्या फेरीत पाहायचे की तो मुद्दा प्रक्रियेचा आहे की वचनातल्या गोष्टीचा. वगळलेला निकाल पुसून टाकू नये. वगळण्याचे कारण एका शब्दात लिहून तो वेगळ्या पानावर ठेवावा. तोंडी परीक्षेत 'हा खटला का नाही घेतला?' असा प्रश्न हमखास येतो आणि उत्तर त्याच पानावर असते.

उरलेल्या निकालांची कार्डे बनवताना सर्वांत जास्त चुका 'निकाल काय लागला' या रकान्यात होतात. विद्यार्थी तिथे 'याचिका मंजूर' किंवा 'नामंजूर' लिहितात. रास्त अपेक्षेच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. या रकान्याचे तीन भाग करावे लागतात. न्यायालयाने तत्त्व मान्य केले का? या खटल्यात अपेक्षेचा भंग झाला असे म्हटले का? आणि नागरिकाच्या हातात प्रत्यक्ष काही पडले का? चंद्रचूड यांचा दावा या तीन प्रश्नांच्या मधल्या फटीबद्दल आहे. एकच रकाना ठेवला तर ती फट कागदावर उमटतच नाही.

ब्रह्मपुत्र मेटॅलिक्सचे कार्ड भरून पाहू. झारखंड सरकारच्या २०१२च्या औद्योगिक धोरणात स्वतःची वीज स्वतः तयार करणाऱ्या कारखान्यांना वीजशुल्कात ५० टक्के सवलत देण्याचे वचन होते. ती अमलात आणणारी अधिसूचना मात्र जानेवारी २०१५मध्ये निघाली आणि तीही पुढच्या काळापुरती. मधल्या वर्षांची सवलत बुडाली. १ डिसेंबर २०२०ला न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. इंदू मल्होत्रा यांच्या पीठाने निकाल दिला. आपल्याकडच्या निकालांनी रास्त अपेक्षा आणि प्रॉमिसरी एस्टॉपेल, म्हणजे वचनावर विसंबून केलेल्या कृतीतून निर्माण होणारे बंधन, या दोन तत्त्वांची सरमिसळ केली आहे, हे पीठाने उघड मांडले आणि रास्त अपेक्षेचा आधार अनुच्छेद १४ हाच असल्याचे सांगितले. कार्डावर मग असे येते : तत्त्व मान्य, भंग मान्य, दिलासाही मिळाला. तिन्ही भाग भरले.

याच कार्डावर पीठाची संख्या लिहिण्यासाठी एक जागा हवी. ही सरमिसळ ज्यात दिसते तो २०१२चा मॉनेट इस्पात हा निकालही दोनच न्यायमूर्तींच्या पीठाचा. तेव्हा ब्रह्मपुत्रने मॉनेट इस्पात रद्द ठरवला असे लिहिता येत नाही. दोन न्यायमूर्तींचे पीठ तेवढ्याच पीठाचा निकाल उलटवू शकत नाही. फार तर दोघांत मतभेद आहे असे म्हणता येते. पीठाची संख्या नोंदवलेली नसेल तर हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही आणि आढाव्यात नसलेली क्रांती घडते.

आता शिवनंदन. केरळमधील जिल्हा न्यायाधीशांच्या निवडीत लेखी परीक्षा आणि मुलाखत यांच्या एकत्रित गुणांवर यादी लागणार, असे आधी जाहीर झाले होते. मुलाखतीला वेगळी किमान मर्यादा असणार नव्हती. मुलाखती उरकल्यावर, फेब्रुवारी २०१७मध्ये, उच्च न्यायालयाने प्रशासकीय पातळीवर मुलाखतीत किमान ५० टक्के गुणांची अट घातली. एकत्रित गुणांत पुढे असलेले काही उमेदवार त्यामुळे बाहेर पडले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने जुलै २०२३मध्ये सांगितले की ही कृती मनमानी होती आणि उमेदवारांच्या रास्त अपेक्षेचा तिने भंग केला. पण निवड झालेले लोक सहा वर्षे काम करत होते. त्यांना हटवता येणार नाही, असे म्हणून याचिकाकर्त्यांना पद दिले नाही. कार्ड असे होते : तत्त्व मान्य, भंग मान्य, दिलासा नाही.

हे कार्ड 'याचिका नामंजूर' असे भरले तर घटनापीठाने तत्त्वाला दिलेले बळ हरवते. 'तत्त्वाचा विजय' असे भरले तर पद न मिळालेला उमेदवार हरवतो. ब्रह्मपुत्र आणि शिवनंदन शेजारी ठेवले की प्रबंधाचा स्वतःचा मुद्दा दिसू लागतो. चिंतन चंद्रचूड यांनी २०१७ साली पाहिलेली फट पुढे सरकलेली दिसते. आधी ती तत्त्व मान्य करणे आणि भंग मान्य करणे यांच्यामध्ये होती. शिवनंदनमध्ये ती भंग मान्य करणे आणि दिलासा देणे यांच्यामध्ये आहे. दोन निकालांवरून हे सिद्ध होत नाही. पण तपासण्याजोगे गृहीतक एवढ्यातून नक्की मिळते आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकातून उचललेले नसते.

ही पद्धत काही माझी नाही. मार्क हॉल आणि रोनाल्ड राइट यांनी २००८ साली कॅलिफोर्निया लॉ रिव्ह्यूमध्ये निकालांच्या पद्धतशीर आशय-विश्लेषणाची मांडणी केली. विल्यम बोड, ॲडम चिल्टन आणि अनुप मलानी यांनी २०१७ साली शिकागोच्या नियतकालिकात वैद्यकशास्त्रातील पद्धतशीर आढाव्याची शिस्त कायद्याच्या सैद्धांतिक लेखनाला लावून दाखवली. प्रश्न आधी सांगा, कोणते निकाल घेतले ते सांगा, कोणाला किती वजन दिले ते सांगा आणि मगच निष्कर्ष काढा, हा त्यांचा क्रम. टेरी हचिन्सन आणि नायजेल डंकन यांचा २०१२चा लेख दुसऱ्या बाजूने उपयोगी आहे. कायद्याचे पारंपरिक संशोधन नेमके काय करते हेच कायद्याचे अभ्यासक स्पष्ट सांगत नाहीत, ही त्यांची चिंता. माझे मत बोड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बाजूला झुकते, पण एका अटीवर. निकालांना मतदानासारखे मोजू नये. घटनापीठाचा एक निकाल आणि दोन न्यायमूर्तींचे दहा निकाल यांची बेरीज होत नाही. वजनाचा रकाना म्हणूनच लागतो.

ग्रंथांच्या नोंदीत मुख्य गोष्ट आवृत्ती. वेड यांचा ग्रंथ १९९४ पासून वेड आणि फोर्सिथ या जोडीच्या नावाने निघतो, आणि वेड २००४ साली वारले. त्यानंतरच्या आवृत्तीतील मत 'वेड म्हणतात' असे लिहून देणे चूक ठरते. आपल्या ग्रंथांचेही तसेच. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले साठे यांच्या प्रशासकीय कायद्यावरील ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. जुन्या आवृत्तीत एखादा निकाल नसणे म्हणजे साठे यांना तो महत्त्वाचा वाटला नाही, असा अर्थ काढता येत नाही. आधी आवृत्तीचे साल पाहायला हवे.

दुसरी गोष्ट अवतरणाची. वाचताना घेतलेल्या टिपणात मूळ शब्द आणि आपला सारांश यांत फरक दिसायलाच हवा. मूळ शब्द अवतरणचिन्हात आणि पृष्ठ किंवा परिच्छेद क्रमांकासह. सारांश वेगळ्या रंगात. आपले मत तिसऱ्या जागी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते, ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध दुरुस्तीसाठी परत येतो. मी पाहिलेली बरीच प्रकरणे हेतुपुरस्सर चोरीची नव्हती. चार महिन्यांपूर्वी उतरवलेले वाक्य आपलेच आहे असे वाटून ते प्रबंधात शिरले होते.

महाराष्ट्रात बसून रास्त अपेक्षेवर लिहिणाऱ्याला आणखी एक प्रकारचा संदर्भ टाळता येत नाही. तो म्हणजे शासन निर्णय, आपल्या बोलीतला जीआर. अपेक्षा बहुधा तिथेच जन्माला येते : अनुदान, सवलत, पदनिर्मिती, पात्रतेचे निकष. जीआरची नोंद करताना विभाग, क्रमांक आणि तारीख तर लिहायचीच, पण त्याच्या शेवटी छापलेला संकेतांकही उतरवून ठेवावा. संकेतस्थळावर तोच कागद पुन्हा शोधायला त्याचा उपयोग होतो. मग पाहायचे की त्या निर्णयाला शुद्धिपत्रक निघाले आहे का आणि नंतरच्या एखाद्या निर्णयाने तो अधिक्रमित केला आहे का. खटल्यातल्या घटनेच्या दिवशी कोणता मजकूर लागू होता, हे यावरूनच ठरते. शुद्धिपत्रकानंतरचा मजकूर वाचून सरकारने वचन मोडले असा निष्कर्ष काढला आणि मूळ मजकुरात ते वचनच नव्हते असे निघाले, तर प्रकरणच कोसळते. कागदाची प्रत आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी. दुव्यावर विसंबू नये.

लिहिताना कार्डे लेखकांच्या नावाने लावायची नाहीत, प्रश्नांच्या क्रमाने लावायची. आधी तत्त्वाचा आधार काय : इथे कामधेनू, ब्रह्मपुत्र, अहमद आणि पेरी एकत्र येतात. मग कसोटी कोणती : पंजाब कम्युनिकेशन्स आणि कॉफलन. मग दिलासा : चिंतन चंद्रचूड, ब्रह्मपुत्र आणि शिवनंदन. एकच निकाल दोन ठिकाणी आला तरी हरकत नाही, प्रत्येक ठिकाणी त्याच्याकडून वेगळे काम घेतले जाते. तळटिपांची पद्धत ऑक्सफर्डची घ्या किंवा भारतीय विधी संस्थेची, पण मधेच बदलू नका.

या साऱ्याची मर्यादा स्पष्ट आहे. वर घेतलेले भारतीय निकाल सर्वोच्च न्यायालयाचे आहेत. रास्त अपेक्षेचे किती दावे उच्च न्यायालयातच संपतात, ते या कार्डांतून दिसणार नाही. तसे पाहायचे असेल तर एकच उच्च न्यायालय आणि मोजकी वर्षे घ्यावीत, उदाहरणार्थ शिवनंदननंतरचे मुंबई उच्च न्यायालय, आणि आपण एवढेच पाहिले हे आढाव्याच्या पहिल्या पानावर लिहावे. शोध ज्या दिवशी थांबवला ती तारीखही तिथेच छापा. त्यानंतर लागलेल्या निकालाबद्दल परीक्षक विचारतील, तेव्हा त्या तारखेकडे बोट दाखवता येईल.